बॅटरीत बोअरचं पाणी का नको, आणि लेव्हल नेमकी कशी बघायची

प्रश्न : गाडीच्या बॅटरीला वर सहा बुचं आहेत, उघडून बघितलं तर पाणी कमी झालंय. घरी बोअरचं पाणी आहे, आरओपण आहे. डिस्टिल्ड वॉटरच पाहिजे का, का उकळून गार केलेलं टाकलं तर चालेल? आणि भरायचं किती, काठोकाठ का? एका सेलमध्ये बाकीच्या पाचपेक्षा जरा जास्तच खाली गेलंय.

उत्तर :

बोअरचं नको, उकळलेलंही नको आणि आरओचंसुद्धा नको. डिस्टिल्ड वॉटर घ्या, नाहीतर डीएम वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी, कुठल्याही पेट्रोल पंपावर नाहीतर बॅटरीच्या दुकानात मिळतं. काठोकाठ अजिबात भरायचं नाही, डब्यावर रेघ असते तिथपर्यंतच. आणि तो जो एक सेल जास्त खाली गेलाय म्हणताय ना, त्यात लगेच काही ओतू नका, आधी खालचं सगळं वाचा, कारण तो सेल तुम्हाला काहीतरी सांगतोय आणि वरून पाणी टाकलं की ते कळायचं बंद होतं.

मी २६ वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतोय, सोलापूरकडे, म्हणजे उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जाणारा भाग आणि बोअरचं पाणी असं की बादलीला पांढरा थर बसतो. त्यामुळे पाण्याने गेलेल्या बॅटऱ्या मी भरपूर बघितल्यात.

आधी हे समजून घ्या की बॅटरीतलं पाणी जातं कुठं. आतमध्ये जे आहे ते सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि पाणी यांचं मिश्रण, अंदाजे एक तृतीयांशाहून थोडं जास्त अ‍ॅसिड आणि बाकी पाणी, वजनाने. गाडी चालू असताना अल्टरनेटर चार्ज देतो, बॅटरी भरत आली की जास्तीचा करंट आतल्या शिशाच्या प्लेटांना लागत नाही, मग तो पाणी फोडायला लागतो, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे दोन गॅस होऊन बुचाच्या बारीक भोकातून निघून जातात. १२ व्होल्टच्या बॅटरीत साधारण १४.४ व्होल्टच्या पुढे हे जोरात सुरू होतं आणि बॅटरी तापलेली असली की त्याच्याही आधी. म्हणूनच आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पाणी जास्त लागतं. पण यात अ‍ॅसिड जात नाही. अ‍ॅसिड आहे तेवढंच आत राहतं, उडतं ते फक्त पाणी. म्हणून परत टाकायचं तेही फक्त पाणीच. काही जण बॅटरी कमजोर वाटली की अ‍ॅसिड टाकतात, दोन दिवस सेल्फ जोरात मारतोय असं वाटतंही, पण आतलं मिश्रण गरजेपेक्षा कडक होतं आणि प्लेटांची जाळी खायला लागतं, त्या बॅटरीचं आयुष्य तिथंच निम्मं झालं समजा.

आता बोअरच्या पाण्याचं. पाणी उडतं पण पाण्यातले क्षार उडत नाहीत, मुद्दा एवढाच आहे. हिशोबच करून बघू. समजा तुमच्या बोअरचं टीडीएस ५०० आहे, म्हणजे एका लिटरमध्ये ५०० मिलीग्रॅम क्षार. एका सेलला एका वेळी ७० मिली पाणी लागलं आणि वर्षात सहा वेळा टाकलं, तर त्या एका सेलमध्ये ४२० मिली पाणी गेलं आणि त्याबरोबर २१० मिलीग्रॅम क्षार. वर्षाच्या शेवटी पाणी सगळं उडून गेलेलं असतं पण ते २१० मिलीग्रॅम तिथंच, पुढच्या वर्षी अजून तेवढेच. चहाच्या पातेल्याच्या तळाला जो थर बसतो ना तसंच हे, फक्त इथं पातेलं घासता येत नाही.

बरं, सगळे क्षार सारखे वाईट नाहीत. कॅल्शियमचा सल्फेट होऊन तो साका धरतो, वाईटच, पण सावकाश. खरा त्रास देतं ते लोखंड. पाण्यात विरघळलेलं लोखंड पॉझिटिव्ह प्लेटजवळ गेलं की एक रूप घेतं, तिथून तरंगत निगेटिव्हजवळ आलं की परत पहिलं रूप, आणि प्रत्येक फेरीत दोन्ही प्लेटांचा थोडा थोडा चार्ज खाऊन टाकतं. ते संपत नाही, फेऱ्या मारतच राहतं. गाडी रात्रभर उभी, सगळं बंद, कुठेही लीकेज करंट नाही, तरी सकाळी सेल्फ ओढत नाही, त्यामागे कित्येकदा हेच असतं. क्लोरीन टाकलेल्या नळाच्या पाण्यातले क्लोराइड पॉझिटिव्ह प्लेटच्या जाळीला खातात. आणि तांबं जर आत गेलं, पितळी तांब्याने किंवा पितळी नरसाळ्याने पाणी ओतलं तर तेवढंही अ‍ॅसिडला लागून आत जातं, तर ते निगेटिव्ह प्लेटवर जाऊन बसतं आणि तिथून गॅस लवकर सुटायला लागतो, म्हणजे चार्ज कमी धरणार आणि पाणी उलट जास्त पिणार.

हे ओळखायचं कसं, तर बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या, दोन्ही टर्मिनल काढा आणि तशीच आठ दिवस ठेवा. आधी आणि नंतर हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी बघा, म्हणजे आतलं मिश्रण पाण्याच्या किती पट जड आहे ते. पूर्ण चार्ज बॅटरीत १२५० ते १२८० च्या मधे येते (१.२५० ला आम्ही बाराशे पन्नास म्हणतो), कंपनीप्रमाणे थोडा फरक. चांगली बॅटरी आठवड्यात पाच-दहा पॉइंट उतरेल, उन्हाळ्यात जरा जास्त. चाळीस-पन्नास पॉइंट उतरले आणि सगळ्याच सेलमध्ये उतरले तर आतलं मिश्रण घाण झालंय. माझ्याकडे एक भाजीची गाडी चालवणारे गृहस्थ येत, दर दोन दिवसांनी धक्का मारावा लागायचा, वायरिंग दोनदा तपासून झालेलं, स्टार्टर खोलून झालेला. बॅटरी काढून आठ दिवस ठेवली तर १२६० वरून १२०५ ला आली, नुसती ठेवून. मग विचारल्यावर कळलं की वर्षभर शेतातल्या बोअरचं पाणी टाकत होते. अशी बॅटरी परत चांगली होत नाही. आतलं ओतून नवीन अ‍ॅसिड भरून देणारे भेटतात, पण डबा उलटा केला की तळाला बसलेला गाळ हलून प्लेटांच्या मधे अडकतो आणि सेल शॉर्ट होतो, शिवाय प्लेटांच्या छिद्रात शिरलेली घाण ओतून निघतच नाही. त्यात पैसे घालू नका.

उकळलेल्या पाण्याबद्दल गैरसमज फार आहे. उकळून जंतू मरतात, क्षार नाही मरत, उलट थोडं पाणी वाफ होऊन गेल्यामुळे उरलेल्यात क्षार वाढतात. डिस्टिल्ड म्हणजे ती जी वाफ गेली ती थंड करून गोळा केलेलं पाणी, आपण उकळून नेमकं नको ते ठेवतो. आरओचं पाणी बोअरपेक्षा बरंच चांगलं, पण घरच्या मशीनला चवीसाठी टीडीएस ५०-१०० ठेवलेला असतो, काहींत कच्चं पाणी मिसळायचा स्क्रू असतो, काहींत मिनरलची नळकांडी. ते प्यायला ठीक. विकतच्या मिनरल वॉटरचंही तेच. एसीच्या पाइपातून पडणारं पाणी खरं म्हणजे वाफेचंच पाणी, म्हणून बरेच जण साठवतात, पण ते तांब्याच्या नळ्यांवरून, अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीवरून आणि तिथल्या धुळीवरून येतं, आणि तांबं काय करतं ते वर सांगितलंच. मी नाही टाकत.

डीएम वॉटर चालतं, नि:शंक टाका. पंपावर डिस्टिल्ड म्हणून जी बाटली मिळते त्यातलं बरंचसं पाणी खरं डीएमच असतं, म्हणजे उकळून नाही तर रेझिनमधून क्षार काढलेलं, बॅटरीला दोन्ही सारखंच. बॅटरीच्या पाण्यासाठी आयएस १०६९ हे भारतीय मानक आहे, कॅनवर तो नंबर असला तर बरं. तरी शंका असेल तर आरओवाल्यांकडे असतो तो पेनासारखा टीडीएस मीटर त्या पाण्यात बुडवा, शून्य ते पाचच्या आत आलं पाहिजे. तीस-चाळीस दाखवत असेल तर कोणीतरी रिकाम्या बाटलीत आरओचं पाणी भरून विकतंय. सुट्टं पाणी शक्यतो घेऊच नका. आणि वास, रंग याच्यावर जाऊ नका, बॅटरीचं अ‍ॅसिडसुद्धा पाण्यासारखंच दिसतं आणि तसल्याच पांढऱ्या कॅनमध्ये मिळतं, त्यामुळे लेबल वाचून घ्या आणि घरी अशी बाटली पिण्याच्या पाण्याच्या जवळपास ठेवू नका.

आता लेव्हल. पांढरट प्लास्टिकचा डबा असेल तर बाजूला दोन रेघा असतात, वरची अप्पर, खालची लोअर. पाणी या दोघींच्या मधे असलं पाहिजे, टाकताना वरच्या रेघेपर्यंत आणायचं आणि थांबायचं. डबा मळलेला असतो म्हणून दिसत नाही, ओल्या फडक्याने पुसा, पलीकडून टॉर्च लावा आणि गाडीला हाताने हलकासा हेलकावा द्या, आतलं पाणी हललं की रेघ लगेच दिसते. गाडी सपाट जागेवर पाहिजे, उतारावर उभी असली तर एका बाजूचे सेल भरलेले आणि दुसऱ्या बाजूचे रिकामे दिसतात आणि माणूस फसतो.

डबा काळा असेल किंवा बॅटरी खोबणीत बसल्यामुळे बाजू दिसत नसेल तर बूच काढून वरून बघायचं. बुचाच्या खाली आत उतरलेली एक छोटी नळी असते, तिचं तोंड आत लटकलेलं दिसतं. पाणी त्या तोंडाच्या खाली असेपर्यंत वरून बघताना पाण्याचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पाणी नळीच्या खालच्या कडेला टेकलं की कडेने वर ओढलं जातं आणि टॉर्चचा उजेड एकदम वाकडा, डोळ्यासारखा गोल दिसतो. तो डोळा दिसला की लेव्हल पूर्ण, तिथंच हात थांबला पाहिजे. ओतण्याआधी एकदा बघून ठेवा, मग फरक लगेच कळतो.

मला जास्त भरवशाची वाटते ती काचनळी. बारीक काचेची नळी, नसेल तर शीतपेयाची पारदर्शक स्ट्रॉ चालते. सरळ आत घाला, प्लेटांच्या माथ्यावर हलकेच टेकली की वरचं तोंड अंगठ्याने बंद करा आणि बाहेर काढा. नळीत जेवढं पाणी अडकून आलं तेवढं प्लेटांच्या वर आहे. १० ते १५ मिलीमीटर असलं की छान, पाचच्या खाली गेलं की लगेच टाकायला हवं, आणि नळी कोरडी आली म्हणजे प्लेटा उघड्या पडल्यात. नळीतलं परत त्याच सेलमध्ये सोडा, हातावर पडू देऊ नका, ते अ‍ॅसिड आहे. आणि लोखंडी सळई, स्क्रू ड्रायव्हर, सायकलची तार असलं काहीही आत घालून मोजायचं नाही, दोन प्लेटांना लागलं तर शॉर्ट होतो आणि वर गॅस साठलेला असतो.

टाकायचं कधी, हे टाकायचं किती याच्याइतकंच महत्त्वाचं आहे आणि इथं जवळजवळ सगळे चुकतात. चार्ज होताना बॅटरीतली लेव्हल वर येते, डिस्चार्ज झाली की खाली जाते. तापली तरी मिश्रण फुगून वर येतं. म्हणजे रात्री हेडलाइट चालू राहून बॅटरी उतरली आणि सकाळी तुम्ही बूच उघडून बघितलं तर पाणी कमीच दिसणार, ते तुम्ही वरच्या रेघेपर्यंत भरलं आणि मग चार्जिंगला लावली की लेव्हल वर येऊन बुचातून बाहेर सांडते. आणि सांडतं ते नुसतं पाणी नाही, अ‍ॅसिडसकट. ट्रे गंजतो, टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी धरते, आणि मुख्य म्हणजे जेवढं अ‍ॅसिड सांडलं तेवढी बॅटरी कायमची पातळ झाली, कारण पुढच्या वेळी तुम्ही त्या जागी पाणीच टाकणार. काठोकाठ भरू नका म्हणतो ते याच्यासाठी.

म्हणून बॅटरी चार्ज असताना, गाडी रात्रभर उभी राहून गार झाल्यावर, सकाळी बघा आणि तेव्हा टाका. टाकून झालं की अर्धा-पाऊण तास गाडी चालवा. पाणी अ‍ॅसिडपेक्षा हलकं, ते वरच तरंगत राहतं, चार्जिंगचे बुडबुडे उठले आणि गाडी हलली की मगच मिसळतं. पाणी टाकल्या टाकल्या हायड्रोमीटर लावाल तर १११०-११२० असं काहीतरी भलतंच येईल आणि चांगली बॅटरी भंगारात जाईल. आकडा बघायचा तर पाणी टाकायच्या आधी, नाहीतर चार्ज होऊन मिसळल्यावर.

याला अपवाद एकच, प्लेटा उघड्या पडल्या असतील तर. तेव्हा चार्जिंगची वाट बघायची नाही, आधी प्लेटा जेमतेम बुडतील एवढंच पाणी टाकायचं, मग चार्ज करायचं, आणि मग वरच्या रेघेपर्यंत आणायचं. उघडी पडलेली निगेटिव्ह प्लेट हवेला लागून खराब होते, त्या भागावर सल्फेटचा कडक थर धरतो, तो नंतर बुडवला तरी पुरता परत येत नाही. अशा बॅटरीला गाडीच्या अल्टरनेटरवर सोडण्यापेक्षा दुकानात सावकाश चार्जिंगला लावा, ३५ अ‍ॅम्पिअर-अवरची असेल तर तीन-साडेतीन अ‍ॅम्पिअरवर रात्रभर. आता कोणी विचारेल की घाटात अडकलोय, प्लेटा कोरड्या आहेत, जवळ फक्त प्यायची बाटली आहे तर? मी म्हणेन पंपापर्यंत तसेच जा, दोन-चार तासांनी काही बिघडत नाही. दोन दिवस पाणी मिळणारच नसेल तर प्लेटा बुडण्यापुरतं बाटलीतलं टाका, एका वेळच्या घोटाने बॅटरी मरत नाही, सवयीने मरते.

टाकताना आधी बॅटरीचा माथा पुसून घ्या, नाहीतर बूच काढल्यावर तिथली माती सरळ आत जाते. प्लास्टिकचं छोटं नरसाळं किंवा इंजेक्शनची मोठी सिरिंज घ्या, सिरिंज उत्तम, मिलीवर हिशोब राहतो, कुठल्या सेलने किती घेतलं ते लिहून ठेवा. डोळ्याला चष्मा लावा. अंधारात आत बघायला काडी किंवा लायटर पेटवू नका, आतला गॅस हायड्रोजन आहे, डबा फुटून तोंडावर अ‍ॅसिड उडालेला पोरगा मी बघितलाय, डोळा वाचला पण महिना गेला. अ‍ॅसिड अंगावर पडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरून सरळ डॉक्टरकडे. ट्रेवर किंवा फरशीवर सांडलं तर खाण्याचा सोडा टाका, फसफसायचं थांबलं की धुऊन काढा, पण सोडा बुचातून आत जाऊ देऊ नका.

आता लेव्हल वाचायची कशी, म्हणजे नुसतं कमी-जास्त नाही तर कुठल्या सेलमध्ये किती. सहाही सेलमध्ये सारखं आणि सावकाश कमी होत असेल, तीन-चार महिन्यांत वरच्या रेघेवरून खालच्या रेघेकडे, तर सगळं ठीक आहे, वयानुसार ते थोडं वाढतंही. सहाही सेल सारखेच पण भराभर रिकामे होत असतील तर दोष बॅटरीचा नाही, चार्जिंगचा आहे.

एक डिझेल जीप होती, वडापची, मालक दर पंधरा दिवसांनी अर्धा लिटरची बाटली घेऊन यायचे आणि जवळपास सगळी संपायची, ४५० मिली. म्हणजे सेलला ७५ मिली. आता एक अ‍ॅम्पिअर-अवर जास्तीचा चार्ज एका सेलमधलं ०.३४ मिली पाणी फोडतो, हा पक्का नियम आहे. ७५ ला त्याने भागलं तर २२० अ‍ॅम्पिअर-अवर, पंधरा दिवसांत, म्हणजे रोजचे जवळपास पंधरा. जीप रोज चार तास फिरायची, म्हणजे बॅटरी भरलेली असूनही तिच्यात सतत चारेक अ‍ॅम्पिअर कोंबले जात होते. मल्टिमीटर लावला, इंजिन जरा रेसवर, लाइट बंद, १५.३ व्होल्ट. पाहिजेत १३.८ ते १४.४. अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलेला. तो बदलला, १४.२ वर आलं, त्यानंतर ते तीन महिने पाण्याला आले नाहीत. पण तोपर्यंत त्या बॅटरीतलं मिश्रण तपकिरी झालं होतं, ओव्हरचार्जने पॉझिटिव्ह प्लेट झडत होती, पावसाळ्याच्या शेवटी ती गेलीच. पाणी जास्त लागतंय तेव्हाच मीटर लावला असता तर अजून दोन वर्षं चालली असती.

पाच सेल कमी होतात आणि एकातलं तसंच राहतं, असं दिसलं तर तो न उतरणारा सेल संशयित. तो आतून शॉर्ट झालेला असतो, चार्जच घेत नाही म्हणून त्यात गॅस होत नाही आणि पाणी उडत नाही. उरलेल्या पाचांच्या वाट्याला मात्र सहा जणांचं व्होल्टेज येतं, म्हणून ते जास्त पितात. लोक त्या भरलेल्या सेलला चांगला समजतात.

तुमचं उलटं आहे, एकच जास्त खाली. मधल्या दोन सेलपैकी असेल आणि फरक पाच-सहा मिलीमीटरचा असेल तर काळजी नको, मधले सेल जास्त तापतात, थोडं जास्त पितात. कडेचा असेल किंवा फरक ठळक असेल तर शोधायचं एवढंच की त्यातून पाणी उडालंय का अ‍ॅसिड गळालंय. आणि याचं उत्तर फक्त पाणी टाकायच्या आधी मिळतं, म्हणून सुरुवातीलाच थांबा म्हटलं. बॅटरी चार्ज करून घ्या आणि सहाही सेलची ग्रॅव्हिटी घ्या. पाणी उडालं असेल तर अ‍ॅसिड तेवढंच आणि पाणी कमी, म्हणजे त्या सेलचा आकडा शेजाऱ्यांपेक्षा जास्त येईल. समजा सेलमध्ये ७०० मिली मिश्रण होतं १२६० चं, ७० मिली पाणी गेलं, तर आता ते १२९० च्या आसपास दाखवेल. पाणी टाकून रेघेवर आणलं की परत १२६० ला येईल, सेल निरोगी आहे, फक्त पाणी जास्त का पितोय ते बघायचं, त्याचं बूच तुटलंय का, कोणी त्यातच पूर्वी काही भलतं टाकलंय का.

पण लेव्हल खाली असून आकडा शेजाऱ्यांइतकाच आला तर मिश्रण जसंच्या तसं बाहेर गेलंय, डबा कुठेतरी तडकलाय. क्लॅम्प जास्त आवळला किंवा ढिला राहून बॅटरी आपटत राहिली की कोपऱ्याला केसासारखी चीर जाते. बॅटरी उचलून खालचा ट्रे बघा, त्या सेलच्या खालीच ओल किंवा गंज दिसेल, कोरड्या कागदाने पुसून एक रात्र कागदावर ठेवली तरी डाग पडतो. अशा सेलमध्ये पाणी टाकून रेघ गाठली तर ग्रॅव्हिटी १२३५ च्या जवळ येते, पुढच्या वेळी अजून खाली, आणि तो एक सेल बाकी पाचांना ओढत नेतो. ही एकच वेळ आहे जेव्हा पाण्याऐवजी तेवढ्याच ग्रॅव्हिटीचं अ‍ॅसिड घालावं लागतं, तेही चीर बंद झाल्यावर आणि बॅटरीवाल्याच्या हातून. तीन वर्षांच्या पुढची बॅटरी असेल तर मी तरी ती दुरुस्त करून घेण्याचा सल्ला देणार नाही.

तिसरी शक्यता, लेव्हलही खाली आणि चार्ज करूनही आकडा शेजाऱ्यांपेक्षा पन्नास पॉइंटनी कमी. बाकी पाच १२५० आणि हा १२००. मग एकतर गळती जुनी आहे आणि त्यात आधी पाणी टाकून झालंय, नाहीतर तो सेल आतून संपलाय. दोन्हीत पाणी टाकून फायदा नाही.

तुमच्या बॅटरीला हिरवा ठिपका दिसणारी काचेची खिडकी असेल तर तिच्यावर विसंबू नका, ती सहापैकी एकाच सेलमध्ये असते, बाकी पाच कोरडे असले तरी ती हिरवीच दाखवेल. (पूर्ण सीलबंद बॅटरीत ती पांढरी झाली की आतलं पाणी संपलंय, तिथं भरायची सोय नाही, फोडायला जाऊ नका.)

तर आधी हायड्रोमीटर मिळवा, साधा काचेचा, महाग नसतो, नाहीतर बॅटरीवाल्याकडे पाच मिनिटं लागतात. सहा आकडे कागदावर लिहा, पॉझिटिव्ह टर्मिनलकडून एक ते सहा असा क्रम ठेवा. आकडा जास्त आला तर डिस्टिल्ड वॉटर वरच्या रेघेपर्यंत टाका आणि डब्यावर त्या सेलपाशी मार्करने तारीख लिहा. पंधरा दिवसांनी परत काचनळी लावा. चार-पाच मिलीमीटरपेक्षा जास्त उतरलं असेल तर अल्टरनेटरचं व्होल्टेज मोजून घ्या आणि सहा सेलचे आकडे आणि ते व्होल्टेज इथं टाका, मी बघून सांगतो.